सुकामेव्याचे पाकीट: गंधक, तेल, साखर आणि खवटपणा कसा ओळखावा

सुकामेव्याच्या पाकिटात चार गोष्टी तपासण्यासारख्या असतात. फळाचा रंग टिकवण्यासाठी दिलेला सल्फर डायऑक्साइड, चकाकी यावी आणि दाणे चिकटू नयेत म्हणून लावलेले तेल, बाहेरून मुरवलेली किंवा लेपलेली साखर, आणि जुन्या मालाला येणारा खवट वास. या चारही गोष्टी एकाच रीतीने सापडत नाहीत. सल्फर डायऑक्साइड मुख्यतः लेबलावर वाचावा लागतो, तेल लेबलाबरोबर कागदावरही उमटते, साखर पोषणतक्त्यातल्या आकड्यांवरून काढता येते आणि खवटपणा कोणत्याही लेबलावर छापलेला नसतो, तो नाकानेच ओळखावा लागतो. पहिल्या तिन्ही गोष्टी बेदाण्यात आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्या सुक्या फळांत पाहता येतात. चौथीसाठी अक्रोडाइतके चांगले उदाहरण नाही.

रंग टिकवणारा गंधक

सांगली-तासगाव आणि सोलापूरच्या पट्ट्यात द्राक्षांचा बेदाणा होतो तेव्हा घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएट यांच्या पाण्यात बुडवतात. दुसऱ्या पदार्थाला शेतकरी ‘डिपिंग ऑइल’ म्हणतात. द्राक्षाच्या सालीवर नैसर्गिक मेणचट थर असतो. हे पाणी तो सैल करते, त्यामुळे आतले पाणी लवकर बाहेर पडते आणि शेडमधल्या जाळ्यांवर सावलीत पसरलेली द्राक्षे काळी पडण्याआधी सुकतात. साधारण चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा मिळतो. हिरवट बेदाण्याचा रंग बराचसा या बुडवणीतून आणि सावलीतून येतो. एकसारखा तेजस्वी पिवळा रंग हवा असेल तर त्यावर गंधकाची धुरी देतात. गंधक जळताना सल्फर डायऑक्साइड वायू तयार होतो आणि तो फळात मुरतो. फळाला काळे करणारी विकरे तो बंद पाडतो. साखर आणि अमिनो आम्लांच्या संयोगातून, विकरांशिवायच, जो तपकिरी रंग येतो त्यालाही तो आवर घालतो. शिवाय बुरशी आणि किण्वन रोखतो.

म्हणून रंग हा अंदाज देतो, पुरावा देत नाही. न वापरलेल्या गंधकाची खूण सर्वात स्पष्ट दिसते ती जर्दाळूत. भडक नारिंगी, मऊ जर्दाळू गंधक दिल्याशिवाय तसा राहत नाही. गंधक न दिलेला जर्दाळू तपकिरी होतो आणि चवीला कॅरॅमलकडे झुकतो. काळा बेदाणा सहसा गंधकाविना सुकवलेला असतो. हिरव्या बेदाण्याबद्दल मात्र नुसत्या रंगावरून काहीच ठामपणे सांगता येत नाही.

वास हाही अपुरा साक्षीदार आहे. पाकीट उघडताच नुकत्याच विझलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा टोचणारा वास आला तर गंधक नक्की आहे. पण वास आला नाही म्हणून तो नाही, असे म्हणता येत नाही. फळात शिरलेल्या सल्फर डायऑक्साइडचा काही भाग मोकळा राहतो आणि बाकीचा साखरेशी व इतर घटकांशी बांधला जातो. नाकाला फक्त मोकळा भाग कळतो. बांधलेल्या भागाला वास नसतो, तरी मोजणीत तो धरला जातो. आयोडीनचे पाणी बेदाण्याच्या धुवणात टाकून त्याचा रंग उडतो का, ही काही ठिकाणी सुचवली जाणारी चाचणीही इथे फसवी ठरते. आयोडीनचा रंग सल्फर डायऑक्साइड घालवतो, तसाच क जीवनसत्त्वही घालवते.

उरते ते लेबल. भारतात पॅकबंद अन्नावर घटकांची यादी द्यावी लागते आणि तीत मिसळलेल्या पदार्थाचा वर्ग व त्याचे नाव किंवा आंतरराष्ट्रीय क्रमांक लिहावा लागतो. हा क्रमांक ‘आयएनएस’ या इंग्रजी आद्याक्षरांनंतर येतो. सल्फर डायऑक्साइडचा क्रमांक २२० आहे आणि त्याच कुळातल्या सल्फाइट क्षारांचे क्रमांक २२१ ते २२८ या टप्प्यात येतात. त्यांपैकी २२३ म्हणजे सोडियम मेटाबायसल्फाइट आणि २२४ म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. घटकयादीच्या खाली ॲलर्जीसंबंधीची सूचनाही पाहावी. किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट असेल तर भारतीय नियमानुसार ते जाहीर करावे लागते. काही पाकिटांवर नुसते ‘क्लास टू प्रिझर्व्हेटिव्ह’ एवढेच लिहिलेले आढळते. या गटात सल्फाइटबरोबर बेंझोएट आणि सॉर्बेटही येतात, त्यामुळे त्या शब्दांवरून नेमका पदार्थ कळत नाही. सुट्ट्या बेदाण्याला लेबलच नसते. तिथे या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्याच्या शब्दावर अवलंबून राहते.

हा तपास कोणासाठी महत्त्वाचा, हे एका हिशेबावरून समजते. अन्नातील मिश्रणांचा विचार करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञसमितीने सल्फाइटची रोजची मान्य मात्रा शरीराच्या दर किलोमागे ०.७ मिलिग्रॅम ठरवली. ५० किलो वजनाच्या माणसाला ती ३५ मिलिग्रॅम होते. समजा बेदाण्यात किलोमागे १,००० मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड आहे. मग ३० ग्रॅम, म्हणजे एक लहान मूठ बेदाण्यातून ३० मिलिग्रॅम पोटात जातो. २० किलोच्या मुलाची मान्य मात्रा १४ मिलिग्रॅम, म्हणजे १४ ग्रॅम बेदाण्यातच ती भरते. युरोपीय संघाची सुक्या द्राक्षांसाठी आणि जर्दाळूसाठी कमाल मर्यादा किलोमागे २,००० मिलिग्रॅम आहे, म्हणजे या गृहीतकाच्या दुप्पट. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०२२ साली माहिती अपुरी असल्याचे सांगून आपली जुनी रोजची मात्रा मागे घेतली. तिने अधिक खाणाऱ्यांबाबत चिंताही व्यक्त केली. निरोगी माणसाला अधूनमधून मूठभर बेदाण्याने काही होत नाही. पण दम्याच्या रुग्णांपैकी काहींना सल्फाइटने श्वास आवळल्यासारखा होतो, आणि त्यांनी २२० ते २२८ हे आकडे न शोधता पाकीट विकत घेऊ नये.

धुण्याने मोकळा सल्फर डायऑक्साइड काही प्रमाणात निघतो, बांधलेला फारसा नाही. बेदाणा पाण्यात भिजवून पाणी टाकणे आणि खिरीत किंवा शिऱ्यात शिजवणे याने प्रमाण आणखी उतरते, पण किती, हे घरी मोजता येत नाही. बरणीतला पिवळा बेदाणा काही महिन्यांत तपकिरी होऊ लागला तर त्याचा अर्थ एवढाच, की त्यातला सल्फर डायऑक्साइड ओसरला आणि रंग रोखणारा पहारा उठला.

लावलेले तेल

बेदाणे एकमेकांना चिकटून गोळा होऊ नयेत आणि दिसायला चकाकदार व्हावेत म्हणून वरून थोडे खाद्यतेल फिरवतात. सूर्यफुलाचे तेल यासाठी नेहमी वापरले जाते. क्रॅनबेरी, जर्दाळूचे तुकडे आणि खजुराचे तुकडे यांनाही ते लागते. प्रमाण बहुधा शंभराला अर्धा ते एक भाग इतकेच असते. या तेलाचा बुडवणीतल्या ‘डिपिंग ऑइल’शी संबंध नाही, ते द्राक्ष सुकण्याआधीचे आहे, हे सुकल्यानंतरचे.

घटकयादी उतरत्या क्रमाने लिहिलेली असते, म्हणजे वजनाने जे सर्वात जास्त ते पहिले. तेल यादीच्या शेवटी दिसेल तर ते लेपापुरते आहे असे समजावे. भाजलेल्या काजू-बदामाच्या पाकिटात ते दुसऱ्या क्रमांकावर असेल तर माल तेलात तळलेला किंवा तेल लावून भाजलेला आहे. बेदाण्यात स्वतःची चरबी जवळजवळ नसतेच, शंभर ग्रॅमला साधारण अर्धा ग्रॅम. त्यामुळे पोषणतक्त्यात चरबीचा आकडा दीड-दोन ग्रॅम दिसला तर तेल लावल्याची दाट शंका घ्यावी. काजूत शंभर ग्रॅमला सुमारे ४४ आणि बदामात ५० ग्रॅम चरबी मुळातच असल्याने तिथे असा हिशेब चालत नाही.

लेबल नसेल तर कागदाची परीक्षा करावी. पंधरा-वीस बेदाणे कोऱ्या, शोषणाऱ्या पांढऱ्या कागदावर हलकेच घोळवावेत आणि कागद दहा मिनिटे बाजूला ठेवावा. उजेडासमोर धरल्यावर पारदर्शक डाग दिसला आणि तासाभराने कागद वाळल्यावरही तो तसाच राहिला, तर ते तेल. डाग वाळून नाहीसा झाला तर तो ओलावा. वाळल्यावर कागद कडक आणि चिकट लागला तर ती साखर. दुसरी परीक्षा म्हणजे काचेच्या ग्लासात कोमट पाणी घेऊन त्यात बेदाणे ढवळावेत आणि दोन मिनिटे स्थिर ठेवावे. तेल असेल तर पाण्याच्या पृष्ठभागावर बारीक गोल थेंब किंवा इंद्रधनुषी पापुद्रा दिसतो. या परीक्षा तेल आहे एवढेच सांगतात, कोणते आहे ते नाही. खाद्यतेलाच्या जागी खनिज तेल लावले असेल तर कागदावर दोन्हीचे डाग सारखेच उमटतात आणि खनिज तेल खवटही होत नाही, त्यामुळे नाकही ते पकडू शकत नाही. त्याचा निकाल प्रयोगशाळेतच लागतो. मिश्र पाकिटातल्या बेदाण्यावर कागदाची परीक्षा करू नये. शेजारच्या अक्रोडाचे तेल त्यांना लागलेले असतेच.

अर्ध्या टक्क्याच्या लेपाने ३० ग्रॅम बेदाण्यात ०.१५ ग्रॅम तेल येते. उष्मांकाच्या दृष्टीने ते नगण्य आहे. खरा प्रश्न वेगळा आहे: तेलाचा पातळ थर हवेशी सर्व बाजूंनी भिडतो आणि फळ टिकले तरी तो लवकर जुना होतो. कागदासारखा शिळा वास येणारा बेदाणा बहुधा या लेपामुळेच तसा झालेला असतो.

कोणती साखर फळाची, कोणती वरची

ताज्या द्राक्षात शंभर ग्रॅमला सुमारे १६ ग्रॅम साखर असते. चार किलोचे एक किलो झाले म्हणजे बेदाण्यात ती साठेक ग्रॅमवर जाते. त्यामुळे शुद्ध बेदाण्याच्या पाकिटावर एकूण साखर ६० ते ६५ ग्रॅम लिहिलेली असली तर त्यात गैर काही नाही. भारतातल्या लेबलांच्या २०२० च्या नियमांनुसार पोषणतक्त्यात एकूण साखर आणि वरून घातलेली साखर असे दोन वेगळे आकडे द्यावे लागतात. पाहायचे ते दुसऱ्या आकड्याकडे. बेदाण्यात तो शून्य असला पाहिजे.

क्रॅनबेरीची गोष्ट नेमकी उलट आहे. ताज्या क्रॅनबेरीत शंभर ग्रॅमला जेमतेम चार ग्रॅम साखर असते आणि फळ इतके आंबट असते की साखरेशिवाय ते खाणारे थोडेच. म्हणून ते आधी साखरेच्या पाकात मुरवतात, मग सुकवतात आणि शेवटी तेल फिरवतात. तयार क्रॅनबेरीत एकूण साखर ६५ ते ७० ग्रॅमच्या घरात जाते आणि तिचा मोठा हिस्सा वरचा असतो. सुकवलेली पपई, अननस आणि किवी यांचीही रीत बहुतेकदा हीच. साखर घटकयादीत पहिल्या किंवा दुसऱ्या क्रमांकावर आली की ते फळ सुकवलेले नसून पाकवलेले आहे असे धरावे. साखर हा शब्द नसला तरी ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, उलट साखर किंवा सफरचंदाच्या रसाचा अर्क ही नावे तेच काम करतात. खजुरालाही काही वेळा ग्लुकोज सिरपने चकाकी दिलेली असते. घटकयादीत ‘खजूर’ हा एकच शब्द असेल तर तो प्रश्न मिटतो.

बेदाण्यावर, अंजिरावर आणि खजुरावर पांढरी पुटे दिसली तर घाबरण्याचे कारण बहुधा नसते. फळाचीच साखर हळूहळू पृष्ठभागावर येऊन तिचे स्फटिक होतात. ही पुटे खरखरीत असतात आणि कोमट पाण्यात लगेच विरघळतात. बुरशी लोकरीसारखी, सहसा राखाडी, हिरवट किंवा काळसर असते, पाण्यात विरघळत नाही आणि कुबट वास देते. वरून लेपलेली साखर सर्व फळांवर एकसारखी आणि पाकिटाच्या तळाशीही सांडलेली दिसते, तर फळातून आलेली कुठे आहे, कुठे नाही, अशी.

एका पाकिटाचा हिशेब

समजा दोनशे ग्रॅमच्या मिश्र पाकिटावर असे लिहिले आहे: बदाम, काजू, बेदाणे (त्यात सूर्यफुलाचे तेल आणि परिरक्षक २२०), क्रॅनबेरी (त्यात साखर आणि सूर्यफुलाचे तेल), अक्रोड. पोषणतक्त्यात शंभर ग्रॅमला एकूण साखर २९ ग्रॅम आणि वरची साखर १३ ग्रॅम आहे. पाकवलेल्या क्रॅनबेरीत वरची साखर साधारण ६५ ग्रॅम धरली तर १३ ग्रॅम येण्यासाठी शंभर ग्रॅममध्ये क्रॅनबेरी २० ग्रॅम असावी लागते. म्हणजे दोनशे ग्रॅमच्या पाकिटात ४० ग्रॅम क्रॅनबेरी आणि २६ ग्रॅम घातलेली साखर. उरलेली १६ ग्रॅम साखर मुख्यतः बेदाण्याची. बदाम-काजूंची थोडीच असते. बेदाण्यालाही २० टक्के धरले तर सुमारे १२ ग्रॅम त्यातून येते आणि हिशेब जुळतो. समोरच्या बाजूला बदाम-अक्रोडाचे चित्र मोठे असले तरी यादीत अक्रोड शेवटी आहे, म्हणजे वजनाने तोच सर्वात कमी. सल्फर डायऑक्साइड फक्त बेदाण्याच्या कंसात आहे, पण दम्याच्या रुग्णाला संपूर्ण पाकीटच टाळावे लागते. अशा मिश्रणात आणखी एक गोष्ट घडते: बेदाण्यातला ओलावा सुक्या काजू-बदामांकडे सरकतो, ते मऊ पडतात.

खवटपणा

खवटपणा मात्र या सगळ्या आकड्यांच्या बाहेर राहतो. तेलबियांतल्या असंतृप्त चरबीला हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि हायड्रोपेरॉक्साइड नावाची संयुगे तयार होतात. त्यांना वास नसतो. ती पुढे तुटली की हेक्झनालसारखी लहान संयुगे उडू लागतात आणि तेव्हा नाकाला खवट वास कळतो. म्हणजे वास येईपर्यंत बिघाड बराच पुढे गेलेला असतो. कोणता मेवा आधी खवटेल, हे त्याच्या चरबीच्या जातीवर ठरते. अक्रोडात शंभर ग्रॅमला ६५ ग्रॅम चरबी आणि त्यातली ४७ ग्रॅम बहुअसंतृप्त, जी ऑक्सिजनला सर्वात लवकर बळी पडते. बदामात अशी चरबी १२ आणि काजूत सुमारे ८ ग्रॅम. म्हणून तीच बरणी, तेच शेल्फ, तरी अक्रोड आधी खवटतो. कवच काढलेला, तुकडे झालेला आणि पारदर्शक पाकिटात उजेडात ठेवलेला अक्रोड त्याहूनही आधी.

पॅकिंगची तारीख इथे फारशी मदत करत नाही. काश्मीरचा अक्रोड सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतो, चिलीचा एप्रिलच्या आसपास. पाकिटावरची तारीख माल पाकिटात भरल्याची असते, झाडावरून उतरल्याची नाही. आत छोटी पुडी असेल तर ती कसली आहे ते वाचावे. सिलिका जेल फक्त ओलावा शोषते. खवटपणा रोखते ती लोखंडाच्या भुकटीची, ऑक्सिजन शोषणारी पुडी.

पाकीट उघडल्यावर पहिलाच वास घ्यावा, कारण नाक काही क्षणांत त्या वासाला सरावते. नायट्रोजन भरलेल्या पाकिटाचा पहिला वास फिका लागतो, तेव्हा गर मोडून मोडीचा वास घ्यावा. खवट अक्रोडाला जुन्या रंगाच्या डब्यासारखा, जवसाच्या तेलासारखा वास येतो, ताज्याला गोडसर. शंका उरल्यास पाच-सहा गर कुटून झाकणाच्या स्टीलच्या वाटीत घालावेत, वाटी पाच मिनिटे गरम पाण्यात ठेवावी आणि झाकण उचलताच वास घ्यावा. उष्णतेने उडणारी संयुगे वर येतात. फ्रिजमधून काढलेला गर थंड असताना हुंगू नये, तो निर्दोष वाटतो. शेवटी एक तुकडा चावून पाहावा आणि थुंकून टाकावा. खवट असेल तर घशात खरखर मागे राहते. अक्रोडाच्या सालीचा तुरटपणा जिभेवर लगेच येतो आणि ओसरतो, खवटपणा उशिरा येतो आणि रेंगाळतो. रंगानेही मदत होते: फिका पिवळसर गर काळसर आणि तेलकट-पारदर्शक झाला तर तो जुना.

सुक्या खोबऱ्याचा खवटपणा वेगळ्या वाटेने येतो. त्यात असंतृप्त चरबी थोडीच असते, पण ओलावा आणि बुरशीच्या विकरांमुळे चरबी फुटून लॉरिक आम्ल सुटते आणि साबणासारखी चव येते. म्हणून अक्रोडाला हवा आणि उजेडापासून जपावे, खोबऱ्याला ओलाव्यापासून. कवच नसलेला अक्रोड हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये किंवा फ्रीझरमध्ये ठेवला तर महिनोन्महिने टिकतो. खवटलेला मेवा भाजून किंवा मसाला लावून सुधारत नाही. भाजताना काही वास उडून जातो, पण उष्णता उरलेल्या चरबीचे ऑक्सिडीकरण वाढवते आणि वास परत येतो.

नाकाची मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते. ॲफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष वासाने किंवा चवीने ओळखता येत नाही, त्यामुळे न खवटलेला मेवा सुरक्षितच असे म्हणता येत नाही. बुरशी दिसलेला दाणा धुऊन खाण्याऐवजी फेकणेच योग्य.

प्रयोगशाळेत काय होते

सल्फर डायऑक्साइडची मोजणी मॉनिअर-विल्यम्स या जुन्या पद्धतीने होते. नमुना आम्लासह उकळतात, बांधलेला वायूही सुटतो, नायट्रोजनच्या प्रवाहाने तो हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये नेतात, तिथे त्याचे गंधकाम्ल होते आणि ते सोडियम हायड्रॉक्साइडने मोजतात. म्हणून अहवालातला आकडा मोकळा आणि बांधलेला असा दोन्ही मिळून असतो. खवटपणासाठी पेरॉक्साइड मूल्य आणि मुक्त मेदाम्लांचे प्रमाण काढतात. पण पेरॉक्साइड मूल्य आधी चढते आणि हायड्रोपेरॉक्साइड तुटू लागले की उतरते, त्यामुळे जुन्या मालाचा आकडा कमी येऊ शकतो आणि तो एकटा वाचू नये.

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार ग्राहक स्वतः शुल्क भरून आपण घेतलेल्या अन्नाचा नमुना अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. त्यासाठी बॅच क्रमांक असलेले पाकीट आणि पावती सांभाळून ठेवावी लागते. सील न फोडलेले, त्याच बॅचचे दुसरे पाकीट देणे अधिक उपयोगी पडते, कारण उघडलेल्या पाकिटातला खवटपणा दुकानातला की घरातला, हा वाद राहतोच.